उंच ग्लासातलं पाणी आणि सात वर्षांची रेघ

«माझा मुलगा सव्वासात वर्षांचा आहे. सारख्याच दोन ग्लासांतलं पाणी, त्यातल्या एकातलं उंच बारीक ग्लासात ओतलं की तो म्हणतो, "यात जास्त आहे." पुस्तकात लिहिलंय की सात वर्षांनंतर मुलांना हे कळतं. तो मागे पडलाय का? आणि या टप्प्यांच्या वयांवर तज्ज्ञ आक्षेप घेतात असं वाचलं, ते नेमके कशावरून?»

एवढ्या एका उत्तरावरून तो मागे आहे असं म्हणता येत नाही. मी गेली बावीस वर्षं मुलांच्या विकासाच्या तपासण्या करतो आहे. सात आणि आठ वर्षांच्या मधली, इतर सगळ्या बाबतींत व्यवस्थित असलेली कितीतरी मुलं पाण्याच्या बाबतीत हेच उत्तर देताना मी पाहिली आहेत. तुमचा दुसरा प्रश्न मोठा आहे, पण तो सोडवला की पहिल्याचं उत्तर तुमचं तुम्हालाच नीट दिसेल. म्हणून मी सगळे टप्पे सांगत बसत नाही, हा पाण्याचा प्रयोगच धरून बोलतो. वयाच्या रेघेवरचा जवळजवळ प्रत्येक आक्षेप या एका प्रयोगात सापडतो.

आधी मूळ मांडणी. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजेने मुलांच्या विचाराचे चार टप्पे सांगितले. जन्मापासून साधारण दोन वर्षं मूल हाताळून, तोंडात घालून, हलवून जग समजून घेतं. दोन ते सात या काळात त्याच्याकडे शब्द आणि कल्पना येतात, पण डोळ्याला जे ठळक दिसतं तेच त्याच्या विचारावर हावी होतं. सात ते अकरा-बारा या काळात समोरच्या वस्तूंबद्दल तर्क करता येतो, एखादी कृती मनातल्या मनात उलटी फिरवता येते. याला मूर्त क्रियांचा टप्पा म्हणतात. त्यानंतर समोर नसलेल्या, नुसत्या "समजा असं असतं तर" अशा गोष्टींवर पद्धतशीर विचार करता येऊ लागतो. तुमच्या मुलाचा प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या उंबरठ्यावरचा आहे. आकार बदलला तरी प्रमाण तेच राहतं, ही समज म्हणजे कॉन्झर्व्हेशन, आणि ती आली की मूल तिसऱ्या टप्प्यात आलं असं धरतात.

आता "सात" हा आकडा. पियाजेच्या पुस्तकांत प्रत्येक मुलाच्या उत्तराशेजारी त्याचं वय वर्षं आणि महिन्यांत दिलेलं असतं. ती पानं ओळीनं वाचली की लक्षात येतं की वयं एकमेकांत मिसळलेली आहेत. एखादं साडेपाच वर्षांचं मूल बरोबर सांगतं, एखादं सात वर्षांचं डळमळतं. त्यालाही हे माहीत होतं. त्याचा दावा क्रमाबद्दल होता: आधी हे, मग ते, मधली पायरी गाळून पुढे जाता येत नाही. वय परिस्थितीनुसार मागेपुढे होऊ शकतं असं तो स्वतः सांगत असे. अमेरिकेत व्याख्यानांना गेला की लोक विचारायचे, या पायऱ्या लवकर चढवता येतील का? या प्रश्नाला त्यानं "अमेरिकन प्रश्न" असं नावच देऊन टाकलं होतं. पण पाठ्यपुस्तकात तक्ता करायचा म्हटलं की "साधारण" हा शब्द गळून पडतो, "दोन ते सात" आणि "सात ते अकरा" असे दोन चौकोन उरतात आणि मधली रेघ भिंतीसारखी दिसू लागते. तुम्ही वाचलंत ते बहुधा असा चौकोन असणार.

मात्र सगळा दोष पाठ्यपुस्तकांवर टाकणं बरोबर नाही. टप्पा या शब्दातच एक मोठा दावा आहे. टप्पा म्हणजे विचाराची एक घट्ट बांधलेली रचना. ती आली की एकाच वेळी अनेक ठिकाणी दिसायला हवी. आक्षेप घेणाऱ्यांचा खरा नेम या दाव्यावर आहे. वयाची रेघ डळमळते ती त्यामुळे.

प्रयोग मुळात कसा करतात ते सविस्तर सांगतो, कारण घरी करताना हेच निसटतं. दोन अगदी सारखे ग्लास घ्यायचे आणि मुलासमोर पाणी भरायचं. मग त्याला विचारायचं, "दोन्हीत सारखं आहे का, की एकात जास्त आहे?" तो नाही म्हणाला तर थेंबथेंब घालून त्याचं समाधान होईपर्यंत सारखं करायचं. ही पायरी टाळली तर पुढचं सगळं वाया जातं, कारण मुलाला सुरुवातीलाच पाणी सारखं वाटत नसेल तर नंतरच्या उत्तराला काही अर्थ उरत नाही. मग त्याच्या डोळ्यांसमोर एका ग्लासातलं पाणी उंच बारीक ग्लासात ओतायचं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. शेवटी "कशावरून?" हे विचारायचंच. पियाजेसाठी हे "कशावरून" सर्वांत महत्त्वाचं होतं. तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करताना त्याला बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांमागचा विचार जास्त रंजक वाटला होता, आणि त्याची पुढची सगळी पद्धत तिथून निघाली.

बरोबर सांगणारी मुलं साधारण तीन प्रकारची कारणं देतात. "तेच पाणी आहे, तुम्ही काही घातलं नाही, काढलं नाही." "परत ओतलं तर पहिल्यासारखंच होईल." "हा उंच आहे, पण बारीक आहे." या तिन्हींतलं एक जरी मुलानं आपणहून सांगितलं, तरी नुसत्या "सारखं" या शब्दापेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त.

आता पहिला आक्षेप, आणि मला तो सर्वांत मार्मिक वाटतो. एकच प्रश्न दोनदा का विचारायचा? एखाद्या मोठ्या माणसानं तुम्हाला काही विचारलं, तुम्ही उत्तर दिलंत, त्यानं समोर काहीतरी बदललं आणि पुन्हा शब्दशः तेच विचारलं, तर तुम्हीही मनात म्हणाल, बहुधा पहिलं उत्तर आता चालणार नाही. शिकवताना मोठी माणसं असंच करतात: उत्तर चुकलं की प्रश्न पुन्हा विचारतात. मुलांनी हा संकेत पक्का ओळखलेला असतो. १९७४ मध्ये सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक या दोघींनी पहिला प्रश्न गाळला. सहा वर्षांच्या मुलांना वस्तूंच्या दोन सारख्या ओळी नुसत्या दाखवल्या, एक ओळ बदलली आणि मग एकदाच विचारलं. मुलांच्या चुका कमी झाल्या. १९८४ मध्ये जुडिथ सॅम्युअल आणि पीटर ब्रायंट यांनी हेच पाच ते आठ वर्षांच्या २५२ मुलांवर तपासलं. त्यांनी संख्या, मातीचा गोळा आणि पाणी अशा तिन्ही गोष्टी घेतल्या. एकदाच विचारलं की तिन्हींत मुलं सरस ठरली.

पण याच अभ्यासातली दुसरी बाब बऱ्याचदा सांगायची राहून जाते. प्रश्न कसाही विचारला तरी मोठी मुलं लहानांपेक्षा चांगली उत्तरं देत होती, आणि संख्या सगळ्यांना पाण्यापेक्षा सोपी जात होती. याचा अर्थ, प्रश्नाची पद्धत बदलली की रेघ खाली सरकते, पण पुसली जात नाही. वयानुसार काहीतरी खरोखर बदलत असतं. ते नेमकं कुठल्या महिन्यात बदलतं, हे मात्र विचारणाऱ्यावर अवलंबून असतं.

दुसरा आक्षेप हाताबद्दल आहे. मोठं माणूस मुद्दाम, गंभीरपणे, मुलाकडे बघत काहीतरी बदलतं, तेव्हा मुलाला वाटतं की हा बदलच महत्त्वाचा आहे. स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांसमोर छोट्या वस्तूंच्या दोन सारख्या ओळी मांडल्या. एका वेळी प्रयोग करणाऱ्यानंच एक ओळ जवळ आणून आखूड केली. दुसऱ्या वेळी एक "खोडकर टेडी" खोक्यातून बाहेर आला आणि त्यानं ती ओळ विस्कटून टाकली. माणसानं ओळ बदलली तेव्हा ८० पैकी १३ मुलांनी दोन्ही ओळी सारख्याच आहेत असं सांगितलं. टेडीनं बदलली तेव्हा ५० जणांनी. मुलं तीच, ओळी त्याच, प्रश्नही तोच.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पियाजेला जवळजवळ निरोप दिला होता. मग १९८६ मधलं ख्रिस मूर आणि डग्लस फ्राय यांचं काम वाचलं. त्यांनी विचार केला की टेडी आला की मुलांचं लक्ष टेडीकडेच लागत असेल. मग ओळीकडे नीट न बघताच ती "सारखंच" म्हणत असतील तर? हे तपासायला त्यांनी टेडीकडून ओळीत खराच बदल करवला, म्हणजे वस्तूंची संख्याच बदलली. इथे बरोबर उत्तर "आता सारखं नाही" असं होतं. टेडी असताना मुलांना हे ओळखणं अवघड गेलं. म्हणजे टेडीच्या प्रयोगातल्या काही "सारखं" उत्तरांमागे समज नव्हती, फक्त दुर्लक्ष होतं.

या दोन कामांमधून मी एक सवय लावून घेतली, आणि ती तुम्हीही लावून घ्या. प्रमाण न बदलणाऱ्या प्रश्नाबरोबर प्रमाण खरंच बदलणारा एक प्रश्न नेहमी घालायचा. उंच ग्लासात ओतण्याच्या खेळात एकदा तरी थोडं पाणी बाजूला काढून ठेवायचं आणि मग विचारायचं. मूल तेव्हाही "सारखंच" म्हणालं, तर त्याच्या आधीच्या "सारखंच"वर विसंबता येत नाही. कठोर पद्धत काही मुलांना येत असूनही नापास करते, आणि सौम्य पद्धत काही मुलांना येत नसतानाही पास करते. वयाच्या रेघेवरचा निम्मा वाद यापैकी कोणती चूक तुम्हाला जास्त चालते, एवढ्यावर येऊन थांबतो.

तिसरा आक्षेप टप्प्याच्या गाभ्यालाच हात घालतो. विचाराची एक रचना तयार झाली की ती सगळीकडे लागू व्हायला हवी. पण मुलांना संख्येचं कॉन्झर्व्हेशन साधारण सहा-सातला येतं, मातीच्या गोळ्याचं आणि पाण्याचं सात-आठला, वजनाचं नऊ-दहाला, आणि बुडवलेल्या वस्तूनं किती जागा व्यापली याचं अकरा-बाराला. तर्क प्रत्येक ठिकाणी एकच: काही घातलं नाही, काही काढलं नाही. मग मधे चार-पाच वर्षं का जावीत? ही विसंगती पियाजेनंच नोंदवली आणि तिला आडवी तफावत अशा अर्थाचं नाव दिलं. पण नाव दिल्यानं उत्तर मिळत नाही. गोळ्याचा लांबोडा केला तरी माती तेवढीच आहे असं ठामपणे सांगणारं मूल दुसऱ्याच क्षणी त्याचं वजन वाढलं असं म्हणतं, तेव्हा ते कोणत्या टप्प्यात आहे असं लिहायचं?

१९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला मेक्सिकोतला एक अभ्यास इथे आठवतो. डग्लस प्राइस-विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंभारांच्या मुलांची तुलना त्याच भागातल्या इतर घरांतल्या मुलांशी केली. मुलं सहा ते नऊ वर्षांची होती. मातीच्या बाबतीत कुंभारांची मुलं स्पष्टपणे पुढे होती. ज्या हातांनी रोज एकाच गोळ्याचं भांडं, ताटली, पुन्हा गोळा असं होताना अनुभवलं आहे, त्यांना माती तेवढीच राहते हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणजे समज पदार्थाशी आणि सरावाशी बांधलेली असते, आणि मूल सगळ्या आघाड्यांवर एका दिवशी सात वर्षांचं होत नाही.

चौथा मुद्दा मला रोजच्या कामात सर्वांत उपयोगी पडतो. त्यासाठी एका मुलीबद्दल सविस्तर सांगतो. ओळख पटेल असे सगळे तपशील काढले आहेत.

मुलगी सहा वर्षं आठ महिन्यांची. शाळेनं लिहून दिलं होतं की ती "अजून मूर्त क्रियांच्या टप्प्यात आलेली नाही", म्हणून गणितासाठी तिला वेगळ्या गटात घालावं. मी सहा-सहा बटणांच्या दोन ओळी मांडल्या आणि एक पसरली. ती लगेच म्हणाली, "सारखीच. सहा नि सहा." मातीचा गोळा लांब केला तेव्हा ती अडखळली. आधी "लांबवाला जास्त" म्हणाली, मग "नाही, थांबा", मग गप्प. पाण्याच्या वेळी मात्र ठामपणे उंच ग्लासाकडे बोट दाखवून म्हणाली, "यात जास्त."

मी विचारलं, "कशावरून?" ती म्हणाली, "कारण हे इथपर्यंत आलंय." बोलताना उजवा हात पाण्याच्या पातळीला आडवा धरला. त्याच वेळी डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांचं छोटं कडं करून तिनं ते त्या बारीक ग्लासाभोवती धरलं, आणि मग पहिल्या ग्लासापाशी नेऊन ते कडं मोठं केलं. तोंडानं ती फक्त उंचीबद्दल बोलत होती. हात रुंदीबद्दलही बोलत होते.

ब्रेकिंरिज चर्च आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी १९८६ मध्ये नेमकी हीच गोष्ट दाखवून दिली होती. कॉन्झर्व्हेशनच्या प्रश्नांना चुकीचं उत्तर देणाऱ्या पाच ते आठ वर्षांच्या मुलांपैकी काहींचे शब्द एक सांगतात आणि हात दुसरंच. ही मुलं शिकवल्यावर इतरांपेक्षा लवकर शिकली. शब्द आणि हात यांच्यातला हा बेबनाव म्हणजे आत दोन विचार एकाच वेळी चालू असल्याची खूण.

मग मी उत्तर न सांगता उलट बाजू तिच्यासमोर ठेवली. "काल एक मुलगी म्हणाली, हा ग्लास बारीक आहे म्हणून पाणी वर गेलं. तुला काय वाटतं?" ही युक्ती पियाजेच्या जिनिव्हातल्या पद्धतीतलीच आहे. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं स्वतः पाणी परत पहिल्या ग्लासात ओतलं, पुन्हा उंच ग्लासात ओतलं, पुन्हा परत. काहीच बोलली नाही. मी पण तिथेच थांबवलं. तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली तेव्हा उंच ग्लास बघताच म्हणाली, "हा बारीक आहे ना, म्हणून वर जातं. पाणी तेवढंच आहे." मी थोडं पाणी बाजूला काढून पुन्हा विचारलं, तर लगेच म्हणाली, "आता कमी. तुम्ही काढलंत." वजनाचा प्रश्न मात्र तिनं तेव्हाही चुकवला.

अहवालात मी टप्प्याचं नाव लिहिलं नाही. संख्येत पक्की, मातीत डळमळीत, पाण्यात तीन आठवड्यांत पक्की झालेली, वजनात अजून नाही, असं लिहिलं. तिच्या गणिताच्या अडचणीचा पाण्याच्या प्रयोगाशी संबंध नव्हता. तिला दोन अंकी संख्या लिहिताना अंकांची जागा चुकायची, आणि त्यावर वेगळं काम करायला हवं होतं. शाळेनं तिला वेगळ्या गटात घातलं असतं तर ते काम झालंच नसतं. वयाच्या रेघेचं खरं नुकसान मला इथे दिसतं: मुलाला एक नाव चिकटतं आणि खरी अडचण शोधायची राहून जाते.

रॉबर्ट सीगलर यांनी १९९५ मध्ये पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या कामात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसतो. मुलांना संख्येच्या कॉन्झर्व्हेशनचे प्रश्न अनेक बैठकांत पुन्हा पुन्हा विचारले, आणि प्रत्येक वेळी ती कोणतं कारण देतात याची नोंद ठेवली. एकच मूल एका बैठकीत ओळीच्या लांबीवरून उत्तर द्यायचं, पुढच्या प्रश्नाला मोजायचं, त्याच्या पुढच्या वेळी "काही घातलं नाही" म्हणायचं, आणि नंतर परत लांबीवर यायचं. जुना विचार एका रात्रीत जात नाही. दोन-तीन विचार शेजारी शेजारी नांदतात, आणि हळूहळू एकाचा वापर वाढत जातो. सीगलर यांनी यासाठी एकमेकांवर चढणाऱ्या लाटांची उपमा वापरली. या कामात आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती पालकांसाठी मोलाची आहे. उत्तर बरोबर की चूक एवढंच सांगितलेल्या मुलांपेक्षा, किंवा स्वतःचं कारण समजावून सांगणाऱ्या मुलांपेक्षा, "मला हे कसं कळलं असेल, तुला काय वाटतं?" असं विचारलेली मुलं जास्त शिकली.

टप्प्यांच्या दोन्ही टोकांनाही हीच अवस्था आहे, ते थोडक्यात सांगतो. पियाजेच्या मते लपवलेली वस्तू तिथेच असते हे बाळाला साधारण आठ-नऊ महिन्यांनी कळू लागतं, कारण तेव्हा ते ती शोधायला लागतं. १९८७ मध्ये रेने बायार्जाँ यांनी बाळांना काही शोधायला लावलंच नाही. पडद्यामागच्या पेटीतून पडदा आरपार जातोय असं अशक्य दृश्य दाखवलं, आणि साडेचार महिन्यांची बाळंही त्याच्याकडे जास्त वेळ टक लावून बघत राहिली. याला समज म्हणायचं की डोळ्यांची सवय, यावर अजून वाद चालू आहे. वरच्या टोकाला पियाजेनं स्वतःच माघार घेतली. १९७२ च्या एका लेखात त्यानं मान्य केलं की अमूर्त तर्काचा शेवटचा टप्पा सगळ्यांना अकरा ते पंधरात येतोच असं नाही. तो पंधरा ते वीस वर्षांपर्यंत लांबू शकतो, आणि माणसाचा ज्या क्षेत्राशी रोजचा संबंध आहे तिथे तो आधी दिसतो.

मग उरतं काय? माझ्या मते क्रम बऱ्याच अंशी टिकला आहे. वजन आधी आणि संख्या नंतर असं मूल मला अजून भेटलेलं नाही. मुलांची चुकीची उत्तरं अंदाजपंचे नसतात, त्यांच्या मागे ठरावीक विचार असतो, हे निरीक्षणही टिकलं आहे. डळमळली आहे ती "एक वय, एक रचना, सगळीकडे एकदम" ही कल्पना. वय बघून टप्पा सांगणं म्हणजे एका मुलाचं मोजमाप हजार मुलांच्या सरासरीवरून लिहिणं. उत्तर बघून, कारण ऐकून आणि हात पाहून मात्र बरंच काही सांगता येतं.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. तो खेळाच्या मूडमध्ये असेल तेव्हा प्रयोग पुन्हा करा, आणि या वेळी पद्धत थोडी बदला. पाणी सारखं आहे हे त्यालाच ठरवू द्या, त्याला हवं तर त्यानंच थेंब घालावेत. पण "सारखं आहे का?" हा प्रश्न मोठ्यानं विचारू नका. ओतण्याआधी विचारा, "या बारीक ग्लासात ओतलं तर पाणी कुठपर्यंत येईल?" तो बोटानं पातळी दाखवेल. पातळी वर जाईल असा अंदाज त्यानं आधीच केला, तर रुंदीचा विचार त्याच्या डोक्यात आला आहे असं समजा. मग त्यालाच ओतू द्या आणि एकदाच विचारा. "कशावरून?" विचारताना त्याच्या चेहऱ्याकडे बघू नका, हातांकडे बघा. शेवटी थोडं पाणी काढून तोच खेळ एकदा करा.

त्याचं उत्तर "जास्त" आलं तरी लगेच दुरुस्त करू नका. "बरोबर नाही, सारखंच आहे" असं सांगितलं की पुढच्या वेळी तो "सारखंच" म्हणेल, पण ते तुमचं उत्तर असेल. त्यापेक्षा ग्लास त्याच्याकडे ठेवा आणि त्याला दहा वेळा ओतू द्या. ओतून परत आणताना मुलं जे बघतात, ते आपल्या सांगण्यानं त्यांना दिसत नाही. मग दोन-तीन आठवडे जाऊ द्या. संख्येचा आणि मातीचा प्रश्नही करून बघा. संख्येत पक्का आणि पाण्यात कच्चा असेल तर तो अगदी नेहमीच्या वाटेवर आहे.

तज्ज्ञांकडे न्यावं अशी वेळ कोणती, तेही सांगतो. पाण्याचं उत्तर चुकलं म्हणून कधीच नाही. "जास्त", "कमी", "सारखं" हे शब्द त्याला रोजच्या बोलण्यात वापरताच येत नसतील, सात-आठ वस्तूंवर एकेक बोट ठेवून मोजताना तो वस्तू गाळत किंवा दोनदा मोजत असेल, दोन पायऱ्यांची साधी सूचना सारखी विसरत असेल, किंवा आधी येत असलेली एखादी गोष्ट आता येईनाशी झाली असेल, तर वेळ न घालवता दाखवा. अशा वेळी तपासणीत मी पहिल्यांदा ऐकू येणं आणि भाषा बघतो. मुलाला प्रश्नच नीट पोचलेला नसला, तर ग्लासातल्या पाण्याबद्दलच्या उत्तरातून त्याच्या विचाराविषयी काहीही कळत नाही.